साड्यांच्या फोटोंसाठी नवा डेस्कटॉप : कामाच्या नोंदी

१० जानेवारी २०२६, ठाणे

काम नेमकं काय आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे खरेदीला उभं राहिल्यावर मन भरकटणार नाही. स्टुडिओ पाचपाखाडीत आहे. फोटो मुख्यतः साड्यांचे. गिऱ्हाईक म्हणजे गोखले रोड आणि राम मारुती रोडवरची दुकानं, शिवाय घरून ऑनलाइन विकणाऱ्या काही जणी. कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा, ट्रायपॉडवर, आयएसओ १००. एका कामात साधारण ६० साड्या येतात. प्रत्येकीची घडी, पदर, काठ, बुट्टी, ब्लाउजपीस असे सहा-सात फोटो, म्हणजे चारशेच्या आसपास रॉ फाइली. लाइटरूम क्लासिकमध्ये रॉ उघडायच्या, निवडक फोटो फोटोशॉपमध्ये नेऊन पार्श्वभूमी आणि सुरकुत्या साफ करायच्या, आणि वेबवर नेहमी चालतात त्या रंगांच्या आवाक्यात, म्हणजे एसआरजीबीत, जेपेग द्यायचे. वर्षातून दोनदा छापील कॅटलॉगही असतो.

बजेट जीएसटीसकट दोन लाख. मार्चमध्ये पाडवा आहे आणि त्याची कामं फेब्रुवारीअखेर सुरू होतात, त्याआधी मशीन उभं राहिलं पाहिजे.

सुरुवात प्रोसेसरपासून करायची नाही. एका दुकानाच्या काकूंनी गेल्या महिन्यात सांगितलं होतं, "कैरी रंगाच्या साड्या परत येतायत गं. फोटोत पिवळट आणि मळकट दिसतात, हातात घेतल्यावर हिरव्या निघतात." ही तक्रार कितीही वेगवान प्रोसेसरने सुटणार नाही. आधी मोजायचं, मग पैसे वाटायचे. माझा मावसभाऊ अनिकेत ऐरोलीत राहतो आणि मशीन जोडायचं काम करतो. तो उद्या रंग मोजायचं मीटर घेऊन येतोय.

११ जानेवारी

आजचा मॉनिटर मोजला. अनिकेतने आर्गिल नावाची मोफत साधनं घातली आणि काहीही न बदलता, आहे त्या स्थितीत मोजलं:

```
dispcal -R
```

पांढऱ्याची तेजस्विता २६८ कँडेला प्रति चौरस मीटर आली आणि पांढऱ्याचं तापमान ७४०० केल्विनच्या जवळ. वेबच्या कामासाठी १०० ते १२० कँडेला आणि ६५०० केल्विन धरतात. म्हणजे माझा पडदा दुपटीहून जास्त उजळ आणि बराच निळसर आहे.

काकूंच्या तक्रारीचा उलगडा या दोन आकड्यांत आहे. साडी शेजारी ठेवून मी पडद्यावर रंग जुळवते. पडदा निळसर असेल तर जुळवताना फोटो पिवळ्याकडे सरकतो. पडदा फार उजळ असेल तर फोटो खाली ओढला जातो, काळपट होतो. मग तो फोटो गिऱ्हाइकाच्या फोनवर उघडला की दोन्ही चुका एकत्र दिसतात. कैरी हा पिवळा आणि हिरवा यांच्या सीमेवरचा रंग, थोडं सरकलं तरी लगेच कळतं. मरून किंवा बॉटल ग्रीनमध्ये एवढाच फरक पडला असता तर कुणी साडी परत पाठवली नसती.

अनिकेत म्हणाला, "ताई, याच मॉनिटरला कॅलिब्रेट करून बघू की आधी." केलं. तेजस्विता मॉनिटरच्या बटणाने १२० वर आली, पांढराही बऱ्यापैकी जागेवर आला. पण सगळा पडदा एकसारखा राखाडी करून पाहिला तर उजवा खालचा कोपरा स्पष्ट गुलाबी दिसतो. मीटर मधोमध टांगलेलं असतं, त्याला कोपरा दिसत नाही. फिकट मोतिया साडी पडद्यावर पसरली की अर्धी एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्या. हा दोष पॅनेलचाच आहे, प्रोफाइलने जाणार नाही. तर मॉनिटर बदलायचा, हे ठरलं. जुना मॉनिटर लाइटरूमची पॅनेलं आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडायला दुसरा पडदा म्हणून राहील.

१७ जानेवारी

आज मेमरी. सध्या १६ जीबी आहे. संक्रांतीच्या काळ्या साड्यांचं उरलेलं काम नेहमीसारखं करत राहिले आणि बाजूला टास्क मॅनेजर उघडा ठेवला.

कागदावर हिशोब असा. ४५ मेगापिक्सेलचा फोटो फोटोशॉपमध्ये १६ बिटमध्ये उघडला की प्रत्येक पिक्सेलला तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट, म्हणजे एक पूर्ण थर २७० एमबीचा. पदराच्या फोटोत साफसफाईचा थर, सुरकुत्यांचे दोन, जरीची चमक आवरण्याचा एक, असे मूळ धरून पाच-सहा थर होतात. म्हणजे एकच फाइल दीड जीबीच्या आसपास. त्यावर फोटोशॉप मागे जाण्यासाठी इतिहास राखतं, तो वेगळा. एका साडीच्या तीन फाइली शेजारी उघडल्याशिवाय काठ आणि पदर यांचा रंग एकमेकांशी जुळवता येत नाही.

प्रत्यक्षात सगळ्या प्रोग्रॅमांनी मिळून मागितलेली मेमरी दाखवणारा टास्क मॅनेजरमधला Committed हा आकडा २७ ते ३० जीबीत फिरत राहिला. फोटोशॉपच्या खालच्या पट्टीत Efficiency दाखवायला लावलं होतं. ते १०० टक्क्यांच्या खाली आलं की फोटोशॉपला मेमरी पुरत नाही आणि ते डिस्कवर लिहायला लागलंय असं समजायचं. तीन फाइली उघड्या असताना ते सत्तरीत आलं. ब्रश फिरवला की रेघ मागून येते, ती याच वेळी. माझी समजूत प्रोसेसर म्हातारा झालाय अशी होत चालली होती, पण त्या क्षणी प्रोसेसर ३० टक्क्यांवर निवांत होता.

तर गरज ३० जीबीच्या आसपास आहे. ३२ घेतले तर पहिल्या दिवसापासून काठावर. ६४ घेतले तर निश्चिंत, पण गेल्या वर्षाच्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके चढलेत की ६४ घेताना मॉनिटरचा एक मोठा तुकडा कापावा लागेल.

"आत्ता १६ च्या दोन काड्या घे, भाव उतरले की अजून दोन टाकू," असं अनिकेतचं म्हणणं. बोर्डावर चार खाचा आहेत, जागा आहे. पण डीडीआर५ मध्ये चारही खाचा भरल्या की वेग बराच खाली येतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरला दोन काड्यांवर अधिकृत वेग ५२०० आहे, चार काड्यांवर ३६००. त्याहून वर चालवायचं म्हटलं तर ते चालेलच अशी खात्री नाही, आणि मशीन अधूनमधून बंद पडायला लागलं तर कारण शोधण्यात आठवडे जातात. गिऱ्हाइकांचं काम असलेल्या मशीनवर मला ती जोखीम नको.

मधला रस्ता सापडला. डीडीआर५ मध्ये २४ जीबीच्या काड्या मिळतात. दोन घेतल्या की ४८. मोजलेल्या गरजेवर दीडपट, दोनच खाचा भरलेल्या, वेग पूर्ण. उरलेली मेमरी वाया जात नाही. विंडोज ती नुकत्याच वाचलेल्या फाइली धरून ठेवायला वापरतं, त्यामुळे मागच्या साडीकडे परत जाताना डिस्क चाळवावी लागत नाही. ४८ नक्की.

२४ जानेवारी

मॉनिटरचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण इथे आकड्यांपेक्षा साडीचा रंग जास्त बोलतो. २७ इंच, २५६० बाय १४४० हे पटकन ठरलं. ४के असता तर विणीचा पोत जास्त बारीक दिसला असता, पण तो मी शंभर टक्के झूम करून बघतेच. ४के साठी द्यायचे पैसे रंगाकडे वळवले.

खरा पेच असा की एसआरजीबी पूर्ण दाखवणारा मॉनिटर घ्यायचा की अडोबी आरजीबीएवढा रुंद. दुकानं फोटो एसआरजीबीमध्येच मागतात, मग जास्त रंग दाखवून उपयोग काय, हा अनिकेतचा प्रश्न रास्त होता. उत्तर मोरपंखी साडीत आहे. निळा आणि हिरवा यांच्या मधल्या गडद, भरलेल्या छटांमध्ये एसआरजीबीचा आवाका फार लवकर संपतो. अडोबी आरजीबी नेमकं त्याच बाजूला पुढे जातं. माझ्याकडच्या एका मोरपंखी पैठणीचा फोटो एसआरजीबीत बदलून बघितला तर लाल वाहिनी कापडाच्या मोठ्या भागात सरळ शून्यावर चिकटलेली. शून्यावर चिकटली की त्या वाहिनीतला उजेड-सावलीचा फरक मरतो. डोळ्याला काय दिसतं? रंग फार चुकत नाही, पण रेशमाची वीण जाते आणि साडी प्लास्टिकच्या कागदासारखी सपाट दिसते.

एसआरजीबीच्याच मॉनिटरवर काम केलं तर मला मूळ काय होतं ते दिसणारच नाही. जे कापलं गेलंय ते कापलेलंच पडद्यावर येणार. रुंद मॉनिटरवर आधी साडी आहे तशी दिसते, मग लाइटरूममध्ये Soft Proofing चालू करून एसआरजीबी निवडलं की नेमकं कुठे काय हरवतंय ते समोर येतं, आणि आवाक्याबाहेरचा भाग लाल रंगाने दाखवताही येतो. तिथे फक्त हिरवट-निळ्याची तीव्रता थोडी उतरवायची आणि उजळपणा किंचित वाढवायचा. रंग कणभर सौम्य होतो, वीण परत येते. गिऱ्हाइकाला हीच तडजोड चालते. काकू तर वीण दिसते का तेच आधी बघतात.

रुंद मॉनिटरला एक पथ्य आहे. ज्या प्रोग्रॅमला रंगाचं प्रोफाइल वाचता येत नाही तो साधा एसआरजीबी फोटो अशा पडद्यावर भडक दाखवतो. राणी रंग तर डोळ्यांत घुसतो. म्हणून अंतिम तपासणी लाइटरूम, फोटोशॉप किंवा प्रोफाइल मानणाऱ्या ब्राउझरमध्येच. मॉनिटरवर एसआरजीबीचं बटण असतं, पण बऱ्याच मॉडेलांत ते दाबलं की तेजस्वितेचं नियंत्रण बंद होतं. विकत घेण्याआधी दुकानात हे स्वतः दाबून बघायचं.

दुसरी अट अशी की कॅलिब्रेशनचा दुरुस्ती-तक्ता मॉनिटरच्या आत साठवता आला पाहिजे. साध्या मॉनिटरवर दुरुस्ती ग्राफिक्सच्या बाजूने होते आणि ८ बिटच्या पायऱ्यांमधल्या काही पायऱ्या त्यात गळतात. मग फिकट पार्श्वभूमीच्या उतरत्या छटेत पट्टे दिसतात. ते पट्टे फोटोत आहेत की पडद्यात, यावर तासभर घालवायची माझी तयारी नाही.

मीटर स्वतःचं घ्यायचं. मॉनिटर महिन्यामहिन्याने सरकतो, दर वेळी अनिकेतला ऐरोलीहून बोलावणं बरं नाही. मॉनिटर आणि मीटर मिळून बजेटचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग जातोय. माझ्या मते तो तिथेच जायला हवा.

२६ जानेवारी

सुट्टी, त्यामुळे साठवणुकीचा हिशोब निवांत झाला.

एक रॉ फाइल साधारण ५० एमबी, एका कामाच्या चारशे फाइली म्हणजे २० जीबी. हे मला माहीत होतं. थर असलेल्या फाइलींचं ओझं मात्र आज पहिल्यांदा मांडलं. प्रत्येक साडीची एक जरी दीड जीबीची फाइल राहिली तरी ६० साड्यांचे ९० जीबी. म्हणजे रॉच्या चौपटीहून जास्त जागा फोटोशॉपच्या फाइली खातात, आणि महिन्याला तीन कामं धरली तर वर्षाला जवळजवळ ४ टीबी. मोठी डिस्क घेणं हा यावरचा उपाय नव्हे. दुकानाने फोटो पसंत केल्यावर तीन महिन्यांनी थरांच्या फाइली सपाट करायच्या आणि रॉ, तिच्या सेटिंगची एक्सएमपी आणि सपाट टिफ तेवढं ठेवायचं. तीन महिने यासाठी की कॅटलॉगवाले तेवढ्या मुदतीत "पदर जरा मोठा करून द्या" म्हणून परत येतात.

वेगाच्या बाबतीत पीसीआयई ५ चा एसएसडी घ्यायचा मोह अनिकेतला होता. माझ्या कामात त्याचा फायदा मिळणार नाही. साध्या साटा एसएसडीवरूनही ५० एमबीची फाइल सेकंदाच्या दहाव्या भागात वाचून होते, नंतरचा वेळ ती उलगडण्यात प्रोसेसरचा जातो. कार्डावरून फोटो उतरवताना तर कार्डच अडवतं. सेकंदाला ९० एमबी देणारं कार्ड २० जीबीला चारएक मिनिटं घेणारच, पुढे कुठलीही डिस्क असो. फरक पडतो तो लाइटरूमच्या स्वतःच्या कॅटलॉगला आणि प्रीव्ह्यूंना. त्या हजारो छोट्या छोट्या वाचण्या आहेत आणि फिरत्या हार्ड डिस्कचा तिथे जीव जातो.

म्हणून एक २ टीबी एनव्हीएमई, पीसीआयई ४ चा, पण टीएलसी प्रकारचा. स्वस्त क्यूएलसी डिस्क सुरुवातीला झपाट्याने लिहिते आणि तिचा आतला जलद भाग भरला की एकदम मंदावते. डिस्क भरत आली की तो भाग आणखी आटतो. मोठी कॉपी अर्ध्यात आल्यावर आकडा धाडकन पडला तर ओळखायचं. विंडोज, कॅटलॉग, प्रीव्ह्यू आणि चालू तीन महिन्यांची कामं याच्यावर. जुन्या कामांसाठी ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, सीएमआर प्रकारच्या, कारण एसएमआर डिस्कवर मोठा बॅकअप रखडतो. एक मशीनमध्ये, दुसरी बाहेरच्या डब्यात, जी दर महिन्याला अनिकेतच्या घरी जाईल. पावसाळ्यात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं तर दोन्ही प्रती एकाच खोलीत नकोत.

३१ जानेवारी

लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. प्रोसेसर आठ कोरचा, अंगच्या ग्राफिक्सचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड या वेळी नाही. लाइटरूमचं नॉइज काढण्याचं काम कार्डावर पळतं हे खरं, पण आयएसओ १०० वर ट्रायपॉडने काढलेल्या फोटोत काढायला नॉइज नसतंच. अंगचं ग्राफिक्स थोडी मुख्य मेमरी वापरतं, ४८ मध्ये ते सोसतं. लग्नाची कामं घेतली तर कार्ड टाकायची खाच मोकळी आहे आणि पॉवर सप्लाय त्या अंदाजानेच घेतलाय.

मॉनिटर दुकानात लावून घेतला. पडदा राखाडी करून चारही कोपरे पाहिले, एसआरजीबीचं बटण दाबून तेजस्विता हलते का ते पाहिलं. पहिल्या नगाचा डावा कोपरा मंद होता, दुसरा नग स्वच्छ निघाला. एकाच मॉडेलच्या दोन नगांत एवढं अंतर असतं, म्हणून मॉनिटर मी न बघता मागवून घेतला नाही.

७ फेब्रुवारी

अनिकेतने मशीन जोडलं. मेमरी दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे. पहिल्यांदा सुरू करताना पडदा बराच वेळ काळा राहिला. डीडीआर५ मेमरी पहिल्या वेळी स्वतःची जुळवणी करते, त्याला वेळ लागतो, तेवढ्यात बटण दाबून बंद करायचं नाही. रात्रभर मेमरीची चाचणी चालवली, एकही चूक नाही.

तीन फाइलींची तीच परीक्षा पुन्हा केली. Efficiency १०० वरून हललं नाही आणि ब्रश हाताबरोबर चालतोय.

१४ फेब्रुवारी

कॅलिब्रेशन आणि खोली. मॉनिटर अर्धा तास तापू दिला, मग १२० कँडेला, ६५०० केल्विन, गॅमा २.२. मीटरच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यामागच्या दिव्याचा प्रकार निवडावा लागतो. पहिल्यांदा मुद्दाम साधा एलईडी निवडून पाहिला. आकडे अचूक आले, पण पांढरा डोळ्याला हिरवट. रुंद रंगाच्या पडद्याचा प्रकार निवडल्यावर पांढरा पांढरा झाला. आकडे जुळूनही कागदाशेजारी पांढरा रंगीत दिसत असेल तर आधी हीच निवड तपासायची.

आता साडी ज्या दिव्याखाली धरते तो दिवा. खोलीची ट्यूब काढली, टेबलावर ६५०० केल्विनचा, रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय ९५ च्या वर असलेला दिवा लावला. त्याचा उजेडही पडद्याशी जुळला पाहिजे, नाहीतर डोळा सतत गोंधळतो. पांढरा कागद ४०० लक्सच्या आसपास उजेडात धरला की त्याची तेजस्विता साधारण ११५ ते १२० कँडेला येते, म्हणजे पडद्याच्या पांढऱ्याएवढीच. दिवा वर-खाली करून तेवढं जमवलं. मॉनिटरसमोरची पिस्ता रंगाची भिंत राखाडी करून घेतली आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला.

२१ फेब्रुवारी

पाडव्याच्या कामातल्या पहिल्या साड्या. कैरी, मोरपंखी, डाळिंबी, चिंतामणी आणि एक जांभळी. तयार जेपेग काकूंच्या फोनवर पाठवले आणि साड्या घेऊन दुकानात गेले. दारापाशी उजेडात साडी आणि फोन शेजारी धरून पाहिलं. कैरी जुळली. मोरपंखी फोनवर थोडी सौम्य आहे पण वीण पूर्ण दिसते. काकू म्हणाल्या, "ही आता हिरवी दिसतेय. जुने कैरीचे फोटोही बदलून दे." त्या फाइलींचे रॉ असल्यामुळे ते काम तासाभराचं आहे.

जांभळी मात्र जुळत नाही. फोटोत ती जास्त लालसर येते, आणि हा दोष मॉनिटरचा नाही, कारण तीच फाइल फोनवरही तशीच आहे. काही रंगद्रव्यं लालच्या अगदी टोकाचा प्रकाश भरपूर परावर्तित करतात. डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही, पण कॅमेऱ्याचा सेन्सर थोडासा पकडतो आणि जांभळा लालकडे झुकतो. २४ रंगांच्या तक्त्यावरून कॅमेऱ्याचं प्रोफाइल बनवून पाहिलं. बाकीचे रंग सुधारले, या साडीत फरक किरकोळ, कारण तक्त्यावरचे रंग वेगळ्या द्रव्यांचे आहेत. सध्या लाइटरूममध्ये फक्त जांभळ्याची छटा निळ्याकडे सरकवून, दिव्याखालच्या साडीशी हाताने जुळवतेय. ही सेटिंग त्या साडीपुरतीच, दुसऱ्या जांभळ्या साडीला ती लागू करून चालत नाही. म्हणून अशा फायलींना लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये वेगळी खूण लावली आहे, म्हणजे पुढे सगळ्या साड्यांना एकदम सेटिंग लावताना त्या वगळता येतील.

पुढचं मोजमाप मार्चच्या मध्यावर : मॉनिटर महिन्यात किती सरकला ते, आणि एसएसडी किती भरला.